शिडी वरून खाली बांधायची असते

दहावीचा निकाल लागला की दरवर्षी एक भांडण ठरलेलं असतं. एक पार्टी म्हणते घोकंपट्टीने पोरांचं वाटोळं केलं, पाठांतर बंद करा, समजून शिकू द्या. दुसरी पार्टी म्हणते अहो पाठच नसेल तर समजणार काय डोंबल, आम्ही पाढे घोकले म्हणून आज हिशेब येतो. 2020 च्या शैक्षणिक धोरणानंतर आणि सीबीएसईने पेपरात क्षमताधारित प्रश्नांचा वाटा निम्म्यापर्यंत नेल्यानंतर तर हे भांडण अजूनच पेटलंय. आणि मला दोन्ही पार्ट्यांचा वैताग येतो, कारण दोघंही पाठांतर आणि उपयोजन ही दोन वेगळी गावं असल्यासारखं बोलतात, मधल्या रस्त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पुस्तकातला एक धडा घेऊन, चारपाच पोरांच्या अभ्यासगटाने आठवण्याच्या प्रश्नापासून वापरण्याच्या प्रश्नापर्यंत नेमकं कसं जायचं, हे कोण सांगणार?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. धड्याची प्रश्नांची शिडी करायची असेल तर ती खालून नाही, वरून बांधायची. सगळ्यात वरचा, वापरायचा प्रश्न आधी लिहायचा, मग त्याला काय काय लागतं ते शोधत खाली यायचं, आणि तळाशी जे उरतं तेवढंच पाठ करायचं. चढायचं मात्र खालून. बहुतेक जण उलट करतात, म्हणजे धड्याच्या पहिल्या ओळीपासून प्रश्न काढत सुटतात, व्याख्या लिहा, एकक सांगा, फरक स्पष्ट करा, आणि चाळीस प्रश्न होईपर्यंत संध्याकाळ संपते आणि उपयोजन उद्यावर जातं. तो उद्या येत नाही हे आपल्या सगळ्यांना माहितीये.

नुसतं बोलून उपयोग नाही, एक धडाच घेऊ. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग 1 मधला उष्णता हा धडा. त्यात अप्रकट उष्मा आहे, पाण्याचं असंगत आचरण आहे, दवबिंदू आणि आर्द्रता आहे, विशिष्ट उष्माधारकता आहे. आता या सगळ्याची एकच शिडी करायला जाऊ नका, होत नाही. एका धड्यात दोन किंवा तीन शिड्या असतात. मी फक्त बर्फाची घेतो.

वरचा प्रश्न असा. रत्नागिरीच्या जेट्टीवर दहा किलो मासे उतरलेत, तापमान 30 अंश, ते 0 अंशापर्यंत थंड करायचेत. कमीत कमी किती बर्फ लागेल, आणि तेवढ्याच वजनाचं 0 अंशाचं गार पाणी ओतलं तर का चालणार नाही? बघा, प्रश्नात अप्रकट उष्मा हा शब्द कुठेच नाही. हे मुद्दाम आहे. तो शब्द दिसला की पोरं सूत्राकडे धावतात, आणि मग तो उपयोजनाचा प्रश्न राहत नाही, आकडे भरायचा प्रश्न होतो. वरच्या पायरीची खूण हीच की धड्यातलं काय वापरायचं हे प्रश्न सांगत नाही, ते तुम्हाला ओळखावं लागतं.

आता खाली उतरू. हा प्रश्न सोडवायला काय यावं लागतं? एक, मासे म्हणजे बहुतांश पाणीच, म्हणून अंदाजाला त्यांची विशिष्ट उष्माधारकता पाण्याइतकी म्हणजे 1 धरली तरी चालेल, हे धाडस. (खरी थोडी कमी असते, म्हणजे आपलं उत्तर जरा जास्तीकडे झुकेल, आणि हे ग्रुपमध्ये कुणी बोललं तर त्याला चहा पाजावा.) दोन, माशांनी दिलेली उष्णता बर्फाने घेतली, म्हणजे उष्णता विनिमयाचं तत्त्व. तीन, 0 अंशाचा बर्फ वितळून 0 अंशाचं पाणी होताना दर ग्रॅमला 80 कॅलरी खातो आणि तरी त्याचं तापमान हलत नाही. यातल्या तिसऱ्याच्या खाली अजून एक पायरी लपलेली आहे, की तापमान का हलत नाही. आणि अगदी तळाशी, 80 हा आकडा, कॅलरीची व्याख्या, आणि तापमान-वेळ आलेखात सपाट रेषा कुठे येते. झालं. पाठ करायच्या फक्त तीन गोष्टी निघाल्या.

मग चढायला लागा. पहिली पायरी, पुस्तक मिटून या तीन गोष्टी प्रत्येकाने कागदावर लिहायच्या. बोलायच्या नाहीत, लिहायच्या, कारण बोललं की एकाचं ऐकून चार जण मान डोलावतात. दुसरी पायरी, आलेख काढा आणि सपाट रेषेच्या वेळी खाली बर्नर चालूच आहे तर उष्णता जाते कुठे ते सांगा, पण अट अशी की "अप्रकट" हा शब्द वापरायचा नाही. ही अट छोटी वाटते पण निम्मा ग्रुप इथेच अडखळतो, कारण "अप्रकट उष्म्यामुळे तापमान वाढत नाही" हे वाक्य कारण सांगितल्यासारखं ऐकू येतं आणि सांगत काहीच नाही. कण एकमेकांना धरून आहेत ती पकड सैल करण्यात उष्णता खर्च होते, म्हणून तापमान वाढवायला उरत नाही, असं काहीतरी यायला पाहिजे.

तिसरी पायरी हिशेबाची, आणि खरी गंमत इथे आहे. 100 ग्रॅम पाणी 30 अंशाला, त्यात 20 ग्रॅम बर्फ 0 अंशाचा टाकला, शेवटचं तापमान किती? बर्फ वितळायला 1600 कॅलरी, मग ते पाणी T पर्यंत तापायला 20T, आणि मूळ पाण्याने दिलेली 100 × (30 − T). सोडवलं की T साधारण 11.7 अंश. हे गाइडमध्ये असतं, सगळ्यांना येतं. आता फक्त एक आकडा बदला, 20 च्या जागी 50 ग्रॅम बर्फ. पोरं तीच रीत लावतात आणि उत्तर येतं उणे 6.67 अंश. आणि लिहून मोकळी होतात! पण 0 अंशाचा बर्फ आणि 30 अंशाचं पाणी एकत्र करून दोघांपेक्षाही गार काहीतरी कसं तयार होईल? चूक गणितात नाहीये, गृहीतकात आहे, आपण सगळा बर्फ वितळला असं धरलं. पाणी 0 पर्यंत येताना जास्तीत जास्त 3000 कॅलरी देऊ शकतं, 50 ग्रॅम बर्फाला लागतात 4000, म्हणजे 37.5 ग्रॅमच वितळेल, साडेबारा ग्रॅम बर्फ तसाच तरंगत राहील आणि तापमान 0 वर थांबेल. ज्याला उणे 6.67 बघून खटकलं त्याला अप्रकट उष्मा समजला, ज्याला नाही खटकलं त्याला 80 हा आकडा पाठ आहे एवढंच. पाठांतर आणि समज यांच्यातला फरक कुठल्याही भाषणापेक्षा हा एक प्रश्न चांगला दाखवतो, असं माझं मत आहे.

आता मासे सोपे झाले. 10,000 ग्रॅम गुणिले 30, म्हणजे 3 लाख कॅलरी काढायच्यात. भागिले 80, आलं 3750 ग्रॅम, पावणेचार किलो बर्फ. आणि बर्फाऐवजी पावणेचार किलो 0 अंशाचं पाणी ओतलं तर मिश्रण थांबेल जवळपास 21.8 अंशावर, कारण पाण्याला फक्त स्वतः तापता येतं, बर्फासारखं वितळत तापमान धरून ठेवता येत नाही. मग यावर एक शेवटचा प्रश्न, होडीवाले पावणेचार किलोवर का थांबत नाहीत, कितीतरी जास्त बर्फ का घेतात? कारण आपण फक्त एकदा थंड करायचा हिशेब केला, बाहेरून पेटीत उष्णता सतत शिरत असते आणि मासे तासन्‌तास, कधी दिवसभर 0 जवळ ठेवायचे असतात. याचं आकड्यातलं उत्तर धड्यात नाही, पण आपल्या हिशेबाला मर्यादा कुठे आहे हे ओळखणं हीच वरची पायरी.

आता समोरच्यांचे मुद्दे. त्यातले काही खरंच वजनदार आहेत, उगाच खोडून काढण्यात अर्थ नाही.

सगळ्यात मोठा मुद्दा असा की ही पायऱ्यांची कल्पनाच चुकीची आहे. आधी माहिती, मग समज, मग उपयोजन, हा क्रम आपण बेंजामिन ब्लूमच्या 1956 च्या वर्गवारीतून उचललाय, आणि ती वर्गवारी परीक्षा घेणाऱ्या मंडळींनी प्रश्न आणि उद्दिष्टं लावून ठेवायला केली होती, अभ्यासाचं वेळापत्रक म्हणून नाही. शिवाय 2019 साली पूजा अग्रवाल यांनी कॉलेज आणि शाळेच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की नुसत्या माहितीच्या प्रश्नांचा सराव दिला तर माहितीचे प्रश्न चांगले सुटतात, पण वरच्या पातळीचे प्रश्न त्याने सुधारत नाहीत. वरचे सुधारायला वरच्याचाच सराव लागतो, आणि शाळेच्या मुलांना तर मिश्र सराव जास्त उपयोगी पडला. म्हणजे तळाची पायरी कितीही घट्ट केली तरी वरची आपोआप येत नाही.

हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच तर मी वरून बांधा म्हणतोय. जो ग्रुप महिनाभर फक्त व्याख्या विचारतो त्याच्याविरुद्धचा हा पुरावा आहे. पण एकाच बैठकीत तीन गोष्टी आठवायच्या, त्याच कारणासहित सांगायच्या, त्याच उलट्यापालट्या करून वापरायच्या, हा मिश्र सरावच झाला की. पायऱ्या म्हणजे महिन्याचे टप्पे नाहीत, तासाभराचे आहेत.

मागे वळून बघितलं तरी हेच दिसतं. ग्लासगोमध्ये 1760 च्या सुमाराला जोसेफ ब्लॅकने अप्रकट उष्मा मांडला, तो व्याख्येपासून सुरुवात करून नाही. त्याचा तर्क साधारण असा होता, की बर्फ वितळायला जर अगदी थोडीच उष्णता लागत असती, तर हवा जरा उबदार झाल्याबरोबर डोंगरावरचं सगळं बर्फ एकदम पाणी व्हायला हवं होतं आणि भयंकर पूर यायला हवे होते. तसं होत नाही, बर्फ आठवडेच्या आठवडे हळूहळू वितळतं. म्हणजे उष्णता कुठेतरी मुरते. आधी बाहेरच्या जगातला प्रश्न, मग मोजमाप, मग नाव. आपलं पुस्तक उलटीकडून सुरू होतं, आधी नाव, मग आकडा, आणि जगातलं काही असलंच तर एखाद्या चौकटीत. पुस्तकाला दोष देत नाही, चारदोन पानात धडा बसवायचा तर असंच होणार. पण अभ्यासगटानेही पुस्तकाच्याच क्रमाने का जायचं?

आणि पाठांतरवाले जे पाढ्यांचं उदाहरण देतात ना, ते खरं तर माझ्या बाजूचं आहे. जुन्या शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घ्यायचे, आणि आज आपण त्याला वेडेपणा म्हणतो. पण तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते, वजन शेर-पावशेरात होतं, दुकानात रोज तोंडी हिशेब चालायचा, त्यामुळे सकाळी घोकलेली पाऊणकी संध्याकाळी गल्ल्यावर वापरात यायची. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि पावकी-निमकी दोनेक पिढ्यांत जवळजवळ गायब झाली. कुणी मोहीम काढून ती बंद केली नाही, तिची वरची पायरी गेली म्हणून खालची गळून पडली. तेव्हा "आम्ही घोकलं म्हणून आलं" हे अर्धंच खरं, घोकलं आणि लगेच वापरलं म्हणून आलं. उरलेलं अर्धं विसरून नुसतं घोका म्हणणं म्हणजे पावशेराचं वजन ठेवून तराजू फेकून देणं.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. विज्ञान भाग 1 चा पेपर 40 मार्कांचा, त्यात व्याख्या, फरक, शास्त्रीय कारणं असे सरळ प्रश्न भरपूर येतात, मग रत्नागिरीच्या माशांवर तास घालवायला वेळ कुणाला आहे? बरोबर आहे. शिडीत न बसलेली माहिती धड्यात उरतेच, आणि ती परीक्षेला येऊ शकते. त्याचं मी काहीही उदात्त उत्तर देणार नाही, ती वेगळ्या कागदावर उतरवा आणि घरी एकट्याने पाठ करा, त्यासाठी ग्रुप लागत नाही. पाच जणांनी एकत्र बसून व्याख्या म्हणण्यात पाच जणांचा वेळ जातो. ग्रुपचा वेळ जिथे दुसऱ्याचं डोकं लागतं तिथे खर्च करा, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर लागतं. शिवाय "शास्त्रीय कारणे लिहा" यातले निम्मे प्रश्न ज्याने सपाट रेषा स्वतःच्या शब्दात समजावली त्याला वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

तिसरा आक्षेप, पोरांना असे प्रश्न काढता येत नाहीत. खरंय, पहिल्या वेळी हमखास येत नाहीत. "दैनंदिन जीवनात अप्रकट उष्म्याचे महत्त्व सांगा" असलं काहीतरी लिहून आणतात आणि त्याला उपयोजन म्हणतात. तो आठवण्याचाच प्रश्न आहे, फक्त लांब शर्ट घातलेला. ओळखायचं कसं? उत्तर धड्यातली एखादी ओळ उचलून देता येत असेल तर प्रश्न पहिल्या पायरीवरचा, मग त्यात "दैनंदिन जीवन" असो नाहीतर "तुमचे मत". आणि चांगला प्रश्न काढायची एक सोपी युक्ती आहे, सोडवलेलं उदाहरण घ्या आणि त्यातली एकच गोष्ट अशी बदला की नेहमीची रीत मोडेल. 20 चे 50 ग्रॅम केले तसंच. किंवा धड्याचे दोन भाग एकमेकांवर आदळवा. अप्रकट उष्मा आणि सापेक्ष आर्द्रता हे धड्यात वेगवेगळ्या पानांवर आहेत, पण मे महिन्यात नागपुरात वाळ्याचा कूलर खोली गार करतो आणि मुंबईत तोच कूलर नुसता चिकचिकाट का करतो, हे सांगायला दोन्ही एकदम लागतात. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं हे एक, आणि हवा आधीच बाष्पाने भरत आलेली असेल तर ते उडतच नाही फारसं हे दुसरं. असा प्रश्न दहावीचं पोर काढू शकतं, विदर्भातलं तर नक्कीच.

चौथा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त टोचतो, आणि तो बहुतेक लोक मांडतच नाहीत. शिडी म्हटली की कुणीतरी वर आणि कुणीतरी खाली आलंच. ग्रुपमध्ये एक हुशार मुलगी किंवा मुलगा मासे सोडवतो, बाकीचे वहीत उतरवतात, आणि ज्याला "ढ" म्हणायची सवय लागलीये त्याला वर्षभर व्याख्याच विचारल्या जातात, कारण "त्याला तेवढंच जमतं". इंग्रज सरकारचं धोरण असंच होतं, वरच्या थोड्यांना शिकवा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी त्यावरच बोट ठेवलं, की पैसा उच्च शिक्षणावर जातोय, रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची हेळसांड होतेय आणि खाली काही पोचत नाहीये. त्याच निवेदनात खेड्यातल्या शाळांमध्ये शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे असावेत असंही त्यांनी सुचवलं होतं, म्हणजे ज्यांना आपण तळाच्या पायरीचं समजतो त्यांना वापरायचं ज्ञान आधी द्या. अभ्यासगटात झिरपणं चालत नाही, पाच माणसांतसुद्धा नाही.

म्हणून दोन नियम, आणि ते कडक पाळायचे. एक, प्रत्येक पायरीवर आधी दोनतीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून लिहायचं, मग बोलायचं, आणि सुरुवात ज्याने सगळ्यात कमी लिहिलंय त्याने करायची. दोन, कुणी अडला तर उत्तर सांगायचं नाही, एक पायरी खालचा प्रश्न विचारायचा. माशांवर अडला? मग "बर्फ वितळताना त्याचं तापमान किती असतं?" असं विचारा. तिथेही अडला तर आलेख काढायला लावा. बहुतेक वेळा असं दिसतं की तो मासे बघून अडला नव्हता, 0 अंशाचं पाणी आणि 0 अंशाचा बर्फ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेच त्याच्या डोक्यात नव्हतं, आणि कदाचित तो हुशार समजला जाणारा मुलगाच असेल. शिडीचा खरा उपयोग हा, माणूस नेमका कुठे अडलाय ते सापडतं. "मला उष्णता धडा येत नाही" याचं कुणी काही करू शकत नाही, "मला दुसरी पायरी येत नाही" याचं पंधरा मिनिटांत काहीतरी करता येतं.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. ज्या धड्यात एक तत्त्व आणि त्याचे अनेक वापर असतात तिथे ती छान चालते, पण आवर्तसारणीचे गट किंवा नकाशावरच्या नद्यांची नावं याला शिडी लावत बसलात तर ओढूनताणून प्रश्न निघतात, तिथे सरळ पाठ करा.

आणि वरचा प्रश्न टिकत नाही, तो नासतो. वाफेने जास्त भाजतं की उकळत्या पाण्याने, हा कधीकाळी झकास उपयोजनाचा प्रश्न होता, आज तो प्रत्येक गाइडमध्ये उत्तरासकट छापलेला असतो, म्हणजे तो पहिल्या पायरीवर घसरलाय. त्याला परत वर न्यायचा तर विचारा, किती पट? 1 ग्रॅम वाफ 100 अंशाला पाणी होताना 540 कॅलरी देते, वर ते पाणी अंगाच्या 37 अंशापर्यंत येताना 63, एकूण 603, आणि नुसतं पाणी फक्त 63, म्हणजे साडेनऊ पट. माशांचंही तेच होणार, एका बॅचने सोडवले की पुढची बॅच उत्तर पाठ करून येणार. तेव्हा पुढच्या वर्षी माशांच्या जागी दुधाचा बंद कॅन ठेवा, बर्फ बाहेरून, दुधात मिसळू द्यायचा नाही, आणि विचारा की आता बर्फ जास्त लागेल, कमी लागेल, की तेवढाच लागेल पण वेळ जास्त जाईल?